भाड्याची गाडी परत करताना पेट्रोल आपण भरायचं की त्यांना भरू द्यायचं?

इंदूरला उतरून भाड्याच्या गाडीने महेश्वर-ओंकारेश्वर करणार असाल, तर पेट्रोलचा हिशोब किल्ली हातात घेतानाच सुरू करा. करारात आधी बघा, टाकी फुल्ल करून परत द्यायची आहे की जेवढं पेट्रोल मिळालं तेवढंच ठेवायचं आहे. दुसरी अट असेल आणि काटा अर्ध्यावर असेल, तर परत देतानाही अर्ध्यावरच ठेवा, कारण जास्त भरलेल्याचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. इंजिन चालू ठेवून काटा आणि किलोमीटर एकाच फोटोत घ्या. मग तिथल्या माणसाला दोन आकडे विचारा: पेट्रोल कमी असलं तर लिटरमागे किती घेता आणि वर भरण्याचं वेगळं शुल्क किती? सगळी तुलना या दुसऱ्या आकड्यावर ठरते.

समजा, सगळी फेरी अडीचशे किलोमीटरची झाली आणि गाडी लिटरला १८ देते, म्हणजे सुमारे १४ लिटर गेलं. पंपावर भाव १०७ धरला तर खर्च १,४९८ रुपये. कंपनी लिटरला १२० आणि वर ५०० घेत असेल, तर २,१८० होतात, म्हणजे ६८२ रुपये जास्त. आता फक्त २ लिटर कमी आहे असं धरा. पंपावर २१४, कंपनीकडे ७४०! पेट्रोल जितकं थोडं कमी, तितका हा सौदा महाग पडतो, आणि नेमकं तेव्हाच आपण ‘थोडंच तर आहे’ म्हणून सोडून देतो.

शिवाय कंपनी लिटर मोजत नाही, काट्यावरच्या पट्ट्या मोजते. ३७ लिटरच्या टाकीला आठ पट्ट्या असतील तर एक पट्टी साधारण साडेचार लिटरची. दोन लिटर कमी असतानाही पट्टी गेली, तर पूर्ण पट्टीचे पैसे लागू शकतात. माझ्या बहिणीचं असंच झालं. ती ओंकारेश्वरहून निघतानाच टाकी भरून आली, इंदूरच्या गर्दीत एक पट्टी उतरली आणि पावती दाखवूनही उपयोग झाला नाही.

म्हणून पेट्रोल गाडी द्यायच्या जागेपासून चार-पाच किलोमीटरच्या आतल्या पंपावर भरा. तो पंप आदल्या दिवशीच हेरून ठेवा. पहाटेचं विमान असेल तर तो त्या वेळी उघडा असतो का, तेही विचारा. मशीनवर शून्य बघूनच नळी लावू द्या, ती आपोआप बंद झाली की थांबवा. त्यापुढे ठासून भरलेलं पेट्रोल आपल्या कामाचं नाही. पावतीवर वेळ छापलेली आहे ना, ते पाहा.

वेगळं शुल्क अजिबात नसेल आणि लिटरमागे दहा-बारा रुपयेच जास्त असतील, तर १४ लिटरला फरक दीडशेच्या आसपास पडतो. विमान गाठायची घाई असेल तर तेवढे मी खुशाल देते. मात्र ‘टाकीचे पैसे आधीच भरा, रिकामी आणा’ ही योजना एवढ्या फेरीला घेऊ नका, कारण निम्म्याहून जास्त पेट्रोल टाकीतच राहतं. गाडी देताना काट्याचा दुसरा फोटो काढा आणि डिपॉझिट परत येईपर्यंत तो पुसू नका.