वहीच्या फोटोवरून मिनिटं काढताना या चुका टाळा

मिरज-तासगावच्या पट्ट्यात जेसीबीचं काम तासावर चालतं. ऑपरेटर वहीत वेळ लिहितो, संध्याकाळी पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि बिल करणारा त्यावरून एकूण मिनिटं काढतो. त्या एकाच पानावर ‘१ ता. ३० मि.’, ‘1.30’, ‘पावणेदोन’, ‘४५ मि.’, ‘2.50’ असं सगळं एकाखाली एक असतं. बेरीज कुणाची चुकत नाही. चूक त्याआधीच, वाचताना झालेली असते.

सगळ्यात महागात पडते ती टिंबाची चूक. ‘1.30’ म्हणजे घड्याळातले एक तास तीस मिनिटं, ९० मिनिटं. ते सरळ ६० ने गुणलं की ७८ येतात आणि बारा मिनिटं गायब होतात. म्हणून काही जण ठरवून टाकतात की टिंबापुढचं सगळं मिनिटंच. मग ‘2.50’ ची १७० मिनिटं होतात, आणि लिहिणाऱ्याच्या मनात तर अडीच तास होते, म्हणजे १५०. आपल्याकडे सव्वा, दीड, अडीच हे आकड्यात लिहायची सवय रुपया-पैशांमुळे लागलेली आहे: १.२५, १.५०, २.५०. तोच हात वेळ लिहितानाही तसाच चालतो. त्यामुळे एकच माणूस एकाच पानावर एक नोंद घड्याळासारखी आणि दुसरी रुपयासारखी लिहितो, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

टिंबापुढे १५, ३०, ४५ असेल तर ती मिनिटं धरा. २५, ५०, ७५ असेल तर पाव, अर्धा, पाऊण तासाचा संशय घ्या. ७५ ला तर शंकाच नको, कारण मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत. खरी अडचण २५ आणि ५० ची. तिथे अंदाज न करता दुसरा पुरावा शोधायचा.

तो पुरावा बहुतेक वेळा त्याच पानावर असतो: इंजिन किती तास चाललं ते मोजणाऱ्या मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग. एक नमुना पान घेऊ. नोंदी अशा आहेत: १ ता. ३० मि., 1.30, पावणेदोन, ४५ मि., 2.50, सव्वा ता. पानाच्या सुरुवातीला मीटर 2184.3, शेवटी 2193.6.

आधी वादातीत नोंदी घ्या: ९०, १०५, ४५ आणि ७५, मिळून ३१५. ‘1.30’ ची ९०, म्हणजे ४०५. आता उरलं फक्त ‘2.50’. अडीच तास धरले तर एकूण ५५५, दोन तास पन्नास मिनिटं धरली तर ५७५. मीटरचा फरक ९.३ तास. मीटरवरचा शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे सहा मिनिटं. तेव्हा ९.३ गुणिले ६०, ५५८ मिनिटं. रीडिंगमध्येच पाच-सहा मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात हे धरलं तरी ५६४ च्या पुढे जाता येत नाही. ५७५ बाद, ५५५ बरोबर. तासाला १२०० रुपये भाडं धरलं तर वीस मिनिटांचे ४०० रुपये होतात, आणि शेतकऱ्याशी वाद नेमका एवढ्याच रकमेवरून होतो.

मीटरच्या ९.३ ला नऊ तास तीन मिनिटं वाचणारेही भेटतात. मीटरवरचं टिंब नेहमी दशांशाचंच असतं. शिवाय इंजिन नुसतं चालू असलं तरी मीटर पळतो, म्हणून कामाची बेरीज मीटरपेक्षा थोडी कमी भरणं ठीक, पण जास्त भरता कामा नये. जुन्या ट्रॅक्टरला मात्र हा ताळा लावू नका. त्याचा यांत्रिक मीटर इंजिनच्या वेगावर चालतो आणि कमी वेगात घड्याळापेक्षा मागे पडतो.

दुसरी चूक घाईची आहे. फोटो समोर ठेवून आकडे थेट एक्सेलमध्ये बडवायचे. सेलमध्ये 2.50 टाकलं की एक्सेल ते 2.5 करून ठेवतं. मग ते वहीत अडीच होतं, दोन तास पन्नास होतं की दोन तास पाच, हे परत कळायला मार्ग नाही. अर्ध्या तासासाठी 1/2 टाकलं तर त्याची तारीख होते. 1:30 चालतं, पण बेरीज चोवीस तासांच्या पुढे गेली की साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये २६ तासांचे 2:00 दिसतात आणि महिन्याच्या बिलात पूर्ण दिवस गडप होतो.

यावर चार रकाने पुरतात. A मध्ये वहीतला मजकूर जसाच्या तसा. त्या रकान्याचा फॉरमॅट टाइप करायच्या आधी Text करायचा, नंतर करून गेलेलं शून्य परत येत नाही. B मध्ये तास, C मध्ये मिनिटं, दोन्ही स्वतः वाचून भरायचे. पावणेदोनला 1 आणि 45, अडीचला 2 आणि 30. D मध्ये एवढंच:

```
=B2*60+C2
```

एकाच मोठ्या फॉर्म्युल्यात सगळ्या पद्धती कोंबायचा नाद नवीन माणसाला फार. तो फॉर्म्युला ‘2.50’ समोर आलं की काहीतरी एक ठरवून मोकळा होतो, आणि चुकलं तरी ओळ लाल होत नाही. तीस ओळी हाताने भरायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

शब्दांत लिहिलेले आकडे उलट सगळ्यात भरवशाचे असतात, फक्त पावणे म्हणजे पाव कमी हे डोक्यात पक्कं हवं. पावणेतीन १६५, सव्वातीन १९५. नुसतं ‘सव्वा’ ७५, नुसतं ‘पाऊण’ ४५. आणि ‘दीड ते पावणेचार’ अशी ओळ आली तर तो दीड घड्याळातला आहे. काम १३५ मिनिटांचं, ९० चं नव्हे.

फोटोत टिंब उडालं की ‘१.३०’ चं ‘१३०’ होतं आणि ते १३० मिनिटं म्हणून खपून जातं. पुढे ‘मि.’ नसेल तर विचारा. उलट ग्रीसचा ठिपकाही टिंब वाटतो.

आकडे मराठी-इंग्रजी मिसळलेले असतील तर १ आणि 9, ४ आणि 8 हे मोठं करून पाहा. त्याच पानावरच्या तारखा बघितल्या की त्या हाताचं वळण कळतं.

‘वरीलप्रमाणे’साठी काढलेल्या दोन रेघा 11 म्हणून टाइप होतात.

जेवणाची सुट्टी वहीत वेगळी लिहिली नसेल तर स्वतःच्या मनाने कापू नका.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि पहिलं नुकसान टिंबाचंच होतं. पान उन्हात, सपाट, शिवणीपासून उघडून धरायला सांगा. आणि मीटरच्या काचेचा फोटो सकाळी एक, संध्याकाळी एक वेगळा घ्या, कारण वहीतलं रीडिंग संध्याकाळी आठवून लिहिलेलं असेल तर ताळ्याला काही अर्थ उरत नाही.