मोटारीच्या करंटचा एफएफटी काढताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम भरात आला, की धुळे-जळगावकडच्या रिवाइंडिंगच्या दुकानांत मोटारींची रांग लागते. वाइंडिंग जळालं असेल तर ते वासानेच कळतं. रोटरचा बार तुटलेला असेल तर मात्र मोटार फिरत राहते. थोडी गुणगुणते, लोडवर किंचित दमते, आणि उघडल्याशिवाय कोणी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. न उघडता सांगायचा एक मार्ग आहे: एका फेजवर क्लॅम्प सीटी लावून करंट नोंदवायचा आणि त्याचा एफएफटी बघायचा. पॅनलमध्ये आधीपासून असलेल्या सीटीची सेकंडरी चालू मोटारीवर उघडायची नाही, वेगळा क्लॅम्पच वापरायचा.

ही पद्धत पक्की आहे. पण नोंद आणि गणित करताना चार-पाच ठिकाणी हमखास गफलत होते आणि खूण असूनही दिसत नाही.

शोधायचं काय आहे

डाळ मिलमधली 20 एचपीची चार पोलची मोटार घेऊ. सिंक्रोनस वेग 1500, टॅकोमीटरवर वेग 1455. म्हणजे स्लिप 3 टक्के. तुटलेल्या बारमुळे 50 हर्ट्‌झच्या दोन्ही बाजूंना स्लिपच्या दुप्पट अंतरावर छोटी शिखरं उगवतात: 50 × 2 × 0.03 म्हणजे 3 हर्ट्‌झवर, इथे 47 आणि 53 ला. मुख्य करंटचं शिखर 40 अँपिअर असेल, तर ही बाजूची शिखरं 0.2 अँपिअर एवढीच असू शकतात, म्हणजे मुख्य शिखराच्या 46 डीबी खाली. सर्वसाधारण अंदाज असा, की बाजूचं शिखर 54 डीबीपेक्षा खोल असेल तर सहसा काळजी नाही, आणि 45 डीबीच्या वर आलं तर रोटर उघडून बघावा. म्हणजे आपलं 0.2 अँपिअर नेमकं संशयाच्या पट्ट्यात आहे. दोनशेपट मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत ते नीट मोजायचं आहे.

चूक पहिली: एफएफटी म्हणजे वारंवारता शोधणारं यंत्र समजणं

एफएफटी काही शोधत नाही. तुम्ही दिलेले N नमुने तो ठरावीक वारंवारतांच्या साइन-कोसाइनशी ताडून बघतो आणि प्रत्येकीचा वाटा किती ते सांगतो. या वारंवारता म्हणजे बिन. दोन बिनमधलं अंतर नोंदीच्या कालावधीवरच ठरतं: 1 सेकंदाची नोंद असेल तर 1 हर्ट्‌झ, 8 सेकंदांची असेल तर 0.125 हर्ट्‌झ. हेच काम सरळ गुणाकार-बेरजेने करता येतं, पण 8192 नमुन्यांना सुमारे पावणेसात कोटी गुणाकार लागतात. कूली आणि टुकी यांनी 1965 मध्ये मांडलेल्या रीतीने तेच उत्तर लाखभराच्या घरातल्या क्रियांमध्ये येतं. एफएफटीमधला ‘फास्ट’ एवढ्यापुरताच आहे, उत्तर तेच राहतं.

यात एक गृहीत दडलेलं आहे. तुम्ही दिलेला तुकडा पुढे-मागे जसाच्या तसा अखंड जोडला गेलाय, असं हे गणित धरून चालतं. 1000 हर्ट्‌झने 1024 नमुने घेतले, तर 1.024 सेकंदांत 50 हर्ट्‌झची 51.2 आवर्तनं बसतात. सुरुवात शून्यावर झाली असेल तर तुकडा संपताना करंट 38 अँपिअरवर असतो, आणि जोडावर तो एकदम शून्यावर पडतो. मोटारीत असा धक्का कुठेच नाही, तो फक्त कापण्यामुळे आला. पण गणिताला तो खराच दिसतो, आणि तो दाखवायला 50 हर्ट्‌झची ताकद सगळ्या बिनमध्ये सांडते. हेच स्पेक्ट्रल लीकेज.

सांडतं किती? 50 हर्ट्‌झ इथे 51.2 व्या बिनवर येतं, म्हणजे दोन बिनच्या मध्ये. 47 हर्ट्‌झजवळचा बिन 48 वा, 3.2 बिन लांब. तिथे सांडलेला करंट सुमारे 2.3 अँपिअर भरतो. शोधायचे होते 0.2. खूण दहापटीहून मोठ्या चिखलात गाडली गेली.

चूक दुसरी: नुसती विंडो लावून निश्चिंत होणं

उपाय सगळ्यांना माहीत असतो, हॅन विंडो लावा. ही विंडो नोंदीच्या दोन्ही टोकांना हलकेच शून्यापर्यंत उतरवते, त्यामुळे जोडावरचा धक्का जातो. ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ युलियस फॉन हॅन यांचं हे नाव. सॉफ्टवेअरमध्ये ‘हॅनिंग’ही दिसतं, विंडो तीच.

मग वरच्याच 1024 नमुन्यांना ती लावली तर? 48 व्या बिनवरचं लीकेज 2.3 वरून सुमारे 0.25 अँपिअरवर येतं. मोठी घट आहे, पण आपली खूण 0.2 ची आहे. अजूनही ती चिखलाच्या पातळीतच आहे. इथे बरेच जण “बार ठीक आहेत” असा निर्वाळा देऊन मोकळे होतात, किंवा उरलेल्या लीकेजलाच तुटका बार समजून चांगली मोटार उघडतात.

कारण साधं आहे. विंडो लीकेज दूरवर झपाट्याने कमी करते, अगदी जवळ तेवढं करू शकत नाही. उलट मुख्य शिखर ती रुंद करते: हॅनमध्ये दोन्ही बाजूंना 2-2 बिन. बिनच 1 हर्ट्‌झचा असेल तर 3 हर्ट्‌झवरच्या शेजाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

चूक तिसरी: नुसती नोंद लांबवणं

याच्या उलट टोकाची चूक. 8192 नमुने घेतले, म्हणजे 8.192 सेकंद, आणि विंडो नाही. बिन आता 0.122 हर्ट्‌झचा झाला, 47 आणि 50 मध्ये जवळजवळ 25 बिन आले. तरीही 47 वरचं लीकेज सुमारे 0.49 अँपिअर राहतं. विंडोविना लीकेज अंतराच्या प्रमाणातच कमी होतं, त्याहून वेगाने नाही.

आता याच 8192 नमुन्यांना हॅन लावा. 47 वरचं लीकेज एका मिलीअँपिअरच्याही खाली जातं. 0.2 अँपिअरचं शिखर स्वच्छ उभं राहतं. लांबी आणि विंडो दोन्ही हवेत.

```python
import numpy as np
fs, N = 1000, 8192
# x: नोंदवलेला करंट, अँपिअरमध्ये
x = x[:N] - x[:N].mean()
w = np.hanning(N)
A = 2 * np.abs(np.fft.rfft(x * w)) / w.sum()
f = np.fft.rfftfreq(N, 1/fs)
dB = 20 * np.log10(A / A.max())
```

`w.sum()` ने भागायचं विसरू नका. N ने भागलं तर हॅनमध्ये प्रत्येक शिखर निम्मं दिसतं. डीबीतल्या गुणोत्तराला त्याने फरक पडत नाही, पण अँपिअर वाचणाऱ्याला पडतो.

मात्र नोंद लांबवायलाही मर्यादा आहे. मिनिटभराची एकच नोंद घेतली तर बिन 0.017 हर्ट्‌झचा होतो, आणि ग्रिडची वारंवारता त्याहून जास्त हलते. गाळ्यात येणारा माल कमी-जास्त झाला की स्लिपही हलते. मग शिखर पसरतं आणि त्याची उंची पडते. 8 ते 16 सेकंदांच्या पाच-सहा नोंदी घेऊन त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी काढणं बरं.

चूक चौथी: शून्यं जोडून बारकावा वाढल्याचं समजणं

1024 नमुन्यांमागे शून्यं भरून 8192 केले, तर आलेख गुळगुळीत होतो आणि बिनही 0.122 चा दिसतो. पण मोजलेला वेळ एक सेकंदच आहे. मुख्य शिखर तेवढंच रुंद राहतं. दिवसभर फिरणाऱ्या मोटारीपाशी आणखी सात सेकंद थांबणं यापेक्षा सोपं आहे.

चूक पाचवी: घरी 50.000 हर्ट्‌झवर तपासून समाधान मानणं

प्रोग्राम तपासताना बहुतेक जण 50 हर्ट्‌झची बनावट साइन घेतात, 1000 हर्ट्‌झने 8000 नमुने. आवर्तनं बरोबर 400 बसतात, जोड बिनचूक जुळतो, लीकेज शून्य. “विंडो कशाला हवी?” असं वाटतं. प्रत्यक्षात भारतीय ग्रिडचा मान्य पट्टाच 49.90 ते 50.05 हर्ट्‌झ आहे. 49.95 असेल तर तेच शिखर 399.6 व्या बिनवर जातं आणि सगळा पसारा परत येतो. तपासणी 49.95 आणि 49.97 सारख्या अडनिड्या आकड्यांवर करा, त्यात 0.5 टक्क्याची बाजूची शिखरं मिसळा, आणि ती परत मिळतात का बघा.

उंची वाचताना

मुख्य शिखर दोन बिनच्या मध्ये पडलं तर हॅन लावूनही ते बुटकं दिसतं, जास्तीत जास्त 1.4 डीबीने. आपल्या उदाहरणात 50 हर्ट्‌झ 409.6 व्या बिनवर येतं, म्हणून 40 ऐवजी 36 अँपिअर दिसतात. 47 चं शिखर मात्र जवळजवळ बिनवरच आहे, ते पूर्ण उंचीने दिसतं. म्हणजे 46 डीबीचा फरक 45 वाचला जातो, आणि उंबरठ्यावरच्या मोटारीचा निकाल एवढ्यावर फिरू शकतो. आकडा महत्त्वाचा असेल तर त्याच नोंदीला `scipy.signal.windows.flattop` लावून उंची वाचा. तिची उंचीतली चूक नगण्य असते, पण शिखर दोन्ही बाजूंना 5-5 बिन रुंद होतं. 3 हर्ट्‌झच्या अंतराला ते परवडतं. मोटार जवळपास रिकामी फिरत असेल आणि स्लिप अर्धा टक्का असेल, तर बाजूची शिखरं अर्ध्या हर्ट्‌झवर येतात आणि फ्लॅटटॉप ती गिळून टाकते. तसंही ही चाचणी लोड चढलेला असतानाच करायची.

विंडोने न सुटणारे त्रास

50 हर्ट्‌झच्या दोन्ही बाजूंचा उतार विंडो लावूनही बसत नसेल, तर नमुन्यांची वेळ तपासा. मायक्रोकंट्रोलरच्या लूपमध्ये `delay(1)` टाकून घेतलेले नमुने एक मिलिसेकंदाने येत नाहीत. त्यात वाचायला आणि पाठवायला लागणारा वेळ मिसळतो, आणि तो दर वेळी वेगळा असतो. मुख्य शिखर 50 ऐवजी 56 ला दिसलं तर हाच दोष. नमुने टायमर इंटरप्टवर घ्या. त्याचप्रमाणे, 500 हर्ट्‌झवरचा गोंगाट एडीसीच्या आधी फिल्टरने अडवला नाही तर तो दुमडून खाली येतो. एकदा आत आला की कुठलीही विंडो त्याला वेगळं काढू शकत नाही.

शिखर खरं की खोटं

एकाच नोंदीवर N बदला: 8192, 8000, 7500. खरं शिखर 47 हर्ट्‌झवरच राहतं आणि त्याची उंची डीबी-दीड डीबीतच हलते. लीकेजची पातळी मात्र दर वेळी वर-खाली होते. यात टिकलं तरी ते तुटक्या बारचंच असेल असं नाही. पट्टा किंवा चाळणी हलवणारा लोडही 50 च्या आजूबाजूला शिखरं उठवतो. त्यासाठी गाळ्यातला माल कमी करून वेग 1470 वर जाऊ द्या आणि नवी नोंद घ्या. स्लिप 2 टक्के झाली, म्हणजे बारची शिखरं 48 आणि 52 ला सरकली पाहिजेत. ती 47-53 लाच अडून राहिली तर रोटर उघडण्याआधी पट्ट्याच्या पुली बघा.