अपूर्णांकांचा चढता क्रम लावताना या चुका टाळा

चार अपूर्णांक घेऊ: ५/८, ७/१२, २/३ आणि ३/५. यांचा चढता क्रम लावायचा, म्हणजे लहानापासून मोठ्याकडे जायचं. पाचवी-सहावीच्या मुलांना मी शिकवणीत हे गणित मुद्दाम देतो, कारण यात उत्तर चुकलं की चुकलेला क्रमच बहुतेक वेळा सांगून टाकतो की गडबड कुठे झाली. (७/१२ दिसलं की कुणीतरी 'सातबारा' म्हणून हसतंच. हसू द्यावं.)

आधी बरोबर उत्तर पाहू. ८, १२, ३ आणि ५ यांचा लसावि १२०. प्रत्येक छेदाला कितीने गुणलं की १२० होतात ते काढायचं आणि त्याच संख्येने अंशालाही गुणायचं. ८ ला १५ ने, म्हणून ५/८ चे ७५/१२०. १२ ला १० ने, म्हणून ७/१२ चे ७०/१२०. ३ ला ४० ने, म्हणून २/३ चे ८०/१२०. ५ ला २४ ने, म्हणून ३/५ चे ७२/१२०. छेद सारखे झाले, आता नुसते अंश बघायचे. क्रम येतो ७/१२, ३/५, ५/८, २/३.

आता वहीतली चुकलेली उत्तरं बघू.

एका वहीत क्रम होता २/३, ३/५, ५/८, ७/१२. अंश वाचा: २, ३, ५, ७. मुलीने लसावि बरोबर काढला, चारही छेद पुसून तिथे १२० लिहिले आणि अंश होते तसेच ठेवले. म्हणजे ५/८ चे झाले ५/१२०. यावर एकच प्रश्न पुरतो: भाकरीचे आठ तुकडे करून त्यातले पाच घेतले, तर अर्धीहून जास्त भाकरी झाली ना? मग १२० तुकड्यांतले पाचच घेऊन तेवढी भाकरी कशी होईल? तिला रूपांतर करून झाल्यावर उलट तपासायची सवय लावली. ७५/१२० च्या अंशाला आणि छेदाला १५ ने भागलं की ५/८ परत मिळतो का? मिळत नसेल तर पुढे जायचंच नाही.

दुसरं चुकीचं उत्तर जास्त फसवं आहे: ७/१२, ५/८, ३/५, २/३. पहिला आणि शेवटचा बरोबर, फक्त मधल्या दोघांची अदलाबदल. घाईत तपासणारा 'जवळजवळ बरोबर' म्हणून सोडून देतो. पण हे एकच उत्तर तीन वेगवेगळ्या वाटांनी येतं, म्हणून इथे मुलाला 'कसं केलंस?' हे विचारावंच लागतं.

पहिली वाट म्हणजे 'छेद मोठा तर अपूर्णांक लहान' हा नियम. तो खरा आहे, पण अंश सारखे असतील तेव्हाच. इथे अंश वेगळे असताना मुलाने नुसते छेद १२, ८, ५, ३ असे उतरते लावलेले असतात. दुसरी वाट 'एक पूर्ण व्हायला किती कमी पडतात' ही. २/३ ला एक भाग कमी, ३/५ ला दोन, ५/८ ला तीन, ७/१२ ला पाच. विचार सुरेख आहे, पण आठातला भाग आणि पाचातला भाग एवढेएवढेच नसतात. ५/८ ला कमी पडतात ३/८, म्हणजे ०.३७५. ३/५ ला कमी पडतात २/५, म्हणजे ०.४. भाग मोजायला तीन असले तरी तूट ५/८ चीच कमी आहे, म्हणून तो मोठा.

तिसरी वाट अशी की छेदात जेवढं मिळवलं तेवढंच अंशात मिळवायचं. ८ चे १२० करायला ११२ मिळवले, म्हणून ५ मध्येही ११२, झाले ११७/१२०. उरलेले तीन येतात ११५, ११९ आणि ११८. पुन्हा तोच चुकीचा क्रम. आणि तसाच यायचा, कारण वर-खाली सारखंच मिळवल्यावर 'किती कमी' हा आकडा बदलतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ७/१२ तर निम्म्याहून जेमतेम जास्त, मग तो ११५/१२० होऊन जवळजवळ पूर्ण कसा झाला?

दशांश रूपात गेलं की छेदांची कटकट संपते, पण तिथे वेगळ्या खोड्या निघतात. एका मुलाचा क्रम बरोबर उत्तराच्या अगदी उलटा आला होता. त्याने ५ ÷ ८ ऐवजी ८ ÷ ५ केलं होतं, कारण 'मोठ्याला लहानाने भागायचं' हे डोक्यात पक्कं बसलेलं. उत्तरं १.६, १.७१, १.५, १.६६ अशी आली. अंश छेदापेक्षा लहान असेल तर भागाकार एकापेक्षा कमीच यायला हवा, एवढं बघितलं तरी ही चूक तिथल्या तिथे सापडते.

भागाकार बरोबर केला तर मिळतात ०.६२५, ०.५८३…, ०.६६६… आणि ०.६. यातले न संपणारे दोन ०.५८ आणि ०.६६ असे लिहून सोडले की ०.६ मुलं सगळ्यात लहान मानतात, कारण सहा हे अठ्ठावन्नपेक्षा लहान. मग ०.६२५ सगळ्यात मोठा ठरतो, कारण सहाशे पंचवीस. यावर उपाय म्हणजे दशांश चिन्हांची एकाखाली एक रांग लावून रिकाम्या जागी शून्यं भरायची: ०.६२५, ०.५८३, ०.६६६, ०.६००. शून्यं भरणं म्हणजे खरं तर छेद १००० करणंच. दोन्ही पद्धती आतून एकच आहेत, हे मुलांना इथेच दाखवून द्यावं.

भागाकार कुठे थांबवायचा यातही फसगत होते. वरचे चार अपूर्णांक एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकित केले तर ०.६, ०.६, ०.७, ०.६ येतात आणि तिघं बरोबरीत सुटतात. दोन स्थळं घेतली की इथे भागतं, पण नेहमीच भागेल असं नाही. ८/११ आणि ११/१५ बघा: दोन्ही ०.७३. तिसरं स्थळ काढल्यावर ०.७२७ आणि ०.७३३ दिसतात. छेद १६५ केला तर १२०/१६५ आणि १२१/१६५, म्हणजे फरक १६५ मधल्या एका भागाचा. दोन दशांश सारखे दिसले तर अपूर्णांक समान आहेत असं लिहू नये, अजून एक अंक काढावा. तरीही शंका राहिली तर तिरकस गुणाकार करावा: ८ × १५ = १२० आणि ११ × ११ = १२१. प्रत्येक गुणाकार ज्याचा अंश वापरला त्या अपूर्णांकाखाली लिहायचा, नाहीतर केलेलं सगळं उलटं होतं.

सगळे छेद एकमेकांशी गुणून १४४० घेतले तर ते चूक नाही. आकडे मोठे होतात आणि गुणाकार चुकायची शक्यता वाढते, एवढंच.

शेवटची चूक गणिताची नाही, लिहिण्याची आहे. मुलं उत्तरात ७०/१२० < ७२/१२० < ७५/१२० < ८०/१२० लिहून मोकळी होतात, तेव्हा त्याखाली मूळचे अपूर्णांक लिहायला लावावेत: ७/१२ < ३/५ < ५/८ < २/३. आणि पेन खाली ठेवण्याआधी प्रश्नात 'चढता' म्हटलंय की 'उतरता', ते पुन्हा एकदा वाचावं.