फुगलेला खण असा निघाला

श्रावणातल्या झडीत परभणीच्या घरातल्या सागवानी टेबलाचा खालचा खण गच्च बसला. मूठ ओढली तर तीच उपटून येईल, म्हणून वरचा खण काढला आणि आत हात घालून मागून ढकलला. तेव्हा कुठे सरकला.

दोन दिवस पंख्याखाली ठेवला. उन्हात नाही, फळी तडकते. मग कडांना रंगीत खडू फासून आत-बाहेर केला. जिथला खडू पुसला गेला, तिथंच घासत होतं: उजव्या फळीची वरची कड. लाकूड लांबीत नाही, रुंदीत फुगतं. तेवढंच पॉलिश पेपरनं घासून मेणबत्ती चोळली. रंधा मुद्दाम मारला नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की खण खुळखुळा होतो.