आडव्या वाऱ्यात ट्रक ओलांडताना या चुका टाळा

जून-जुलैत जाम गावाकडून नागपूरकडे मोटरसायकलनं येताना पश्चिमेचा वारा डाव्या अंगावर येतो. दोन्हीकडे उघडी वावरं, अडवायला काही नाही. वारा लागला की नवे पोट्टे हँडल आवळून धरतात आणि तिथंच बिघडतं. अंगाला बसलेला धक्का ताठ हातांतून हँडलमध्ये उतरतो आणि गाडी डोलायला लागते. गुडघ्यांनी टाकी दाबून धरा, कोपरं सैल सोडा. वारा डावीकडून असेल तर डावं हँडल हलकेच पुढं ढकला. गाडी डावीकडे कलते आणि सरळ चालत राहते. हँडल वाऱ्याकडे वळवायला गेलात तर ती उलट उजवीकडे कलते.

खरी फसगत कंटेनर ओलांडताना होते. समजा कंटेनर पन्नासने चाललाय आणि तुम्ही सत्तरने त्याच्या उजवीकडून निघालात. मागे असतानाच घुसळलेल्या हवेनं हेल्मेट थरथरतं. बाजूला आलात की कंटेनर वारा अडवतो. गाडी मात्र अजून डावीकडे कललेली असते, म्हणून ती ट्रककडे सरकते. घाबरून तुम्ही तिला उजवीकडे घेता आणि नेमकं तेव्हाच केबिन मागे पडते. अडलेला वारा एकदम बसतो, ट्रकच्या तोंडानं बाजूला सारलेली हवाही त्याच दिशेनं ढकलते, आणि गाडी डिव्हायडरकडे जाते.

म्हणून बाहेर निघण्याआधीच एक गिअर खाली घ्या. ट्रकपासून किमान दीड मीटर अंतर ठेवा, पण डिव्हायडरला चिकटू नका, ढकललं जायला जागा हवी. आडोशात शिरताच डाव्या हाताचा जोर कमी करा. केबिनचा आरसा जवळ आला की तो हात पुन्हा तयार ठेवा, नजर दूर रस्त्यावर. धक्का बसताच ब्रेक दाबणं किंवा थ्रॉटल झटक्यात सोडणं नको. शंभर सीसीची गाडी, मागे माणूस, आणि ट्रकपेक्षा पंधरा-वीसचा जास्त वेग मिळत नसेल, तर मागेच राहा. दोन मिनिटं वाचवायला त्या आडोशात रेंगाळणं शुद्ध मूर्खपणा आहे.

दुपदरी रस्त्यावर समोरून ट्रक येताना कडेला पळू नका. आधी हवा डावीकडे ढकलते, लगेच उजवीकडे खेचते; डांबराच्या कडेवरून चाक मुरमात उतरलं की सावरणं कठीण. आपल्या पट्ट्याच्या मधोमध राहा, वेग साठच्या आत.

पाय पसरून तोल सांभाळू नका. दुधाची कॅन एकाच बाजूला टांगू नका.

ट्रकची ताडपत्री फडफडतेय, धुरळा रस्त्यावर आडवा धावतोय, असं दिसलं की वेग आधीच उतरवा. चाळीस-पन्नासलाही पट्टा धरता येत नसेल तर थांबा, पण झाडाखाली किंवा होर्डिंगखाली नाही. पक्क्या भिंतीच्या आडोशाला, रस्त्यापासून आत गाडी लावा.