वजनकाट्यातला नॉइज: एका ओळीचा फिल्टर नेमका किती कमी करतो

इलेक्ट्रॉनिक्स शिकून नुकतेच नोकरीला लागलेले आणि सेन्सरचं रीडिंग स्थिर करायचं काम अंगावर आलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं काम इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांवर चालतं. लोडसेलचा सिग्नल अँप्लिफायरमधून मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीला जातो, सेकंदाला १०० सॅम्पल घेतले जातात आणि डिस्प्लेवर आकडा दिसतो. काट्यावर ५०० ग्रॅमचं माप ठेवलं तरी हा आकडा नाचतो. तो थांबवण्यासाठी जवळपास प्रत्येक जण हीच ओळ लिहितो:

```
y = a*y + (1 - a)*x
```

`x` म्हणजे नवं रीडिंग आणि `y` म्हणजे दाखवायचा आकडा. इथे `a = 0.9` धरू. ओळ लिहायला क्षणभर लागतो, पण आकडा किती शांत होईल हे ती लिहिण्याआधी सांगता यायला हवं. सुरुवातीला खूप जण `a` वरखाली करत डिस्प्लेकडे बघत बसतात. त्याची गरज नाही, कारण उत्तर चार ओळींत निघतं.

समजा `x` मधला नॉइज व्हाइट आहे, म्हणजे एका सॅम्पलमधल्या चुकीचा पुढच्या सॅम्पलमधल्या चुकीशी काही संबंध नाही. त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन २ ग्रॅम, म्हणून व्हेरियन्स ४ ग्रॅम वर्ग. आता सरासरी वजन बाजूला काढून फक्त चुकांचा विचार करा. वरच्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग करून सरासरी घेतली की उजवीकडे तीन पदं येतात: जुन्या `y` चा व्हेरियन्स गुणिले `a²`, `x` चा व्हेरियन्स गुणिले `(1-a)²`, आणि जुन्या `y` व नव्या `x` चा गुणाकार असलेलं मधलं पद. जुना `y` फक्त आधीच्या `x` वरून बनलेला असतो. नव्या `x` शी त्यांचा संबंध नाही, म्हणून मधल्या पदाची सरासरी शून्य. फिल्टर स्थिरावल्यावर जुन्या आणि नव्या `y` चा व्हेरियन्स सारखाच असतो, त्यामुळे

`σy² = a²·σy² + (1-a)²·σx²`

आणि त्यातून `σy² = σx²·(1-a)/(1+a)`.

`a = 0.9` ठेवला तर हे गुणोत्तर १/१९ येतं. ४ भागिले १९ म्हणजे सुमारे ०.२१ ग्रॅम वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ ०.४६ ग्रॅम. दोन ग्रॅमची थरथर अर्ध्या ग्रॅमच्या आत आली. नॉइज गॉसियन असण्याची अट यात कुठेच लागली नाही. मधलं पद शून्य होणं एवढ्या एकाच आधारावर सगळं उभं आहे, आणि पुढे जे काही बिघडतं ते इथेच बिघडतं.

व्हेरियन्स हा एकच आकडा आहे. नॉइज कुठून कमी झाला हे पॉवर स्पेक्ट्रम सांगतो. व्हाइट नॉइजचा स्पेक्ट्रम सपाट असतो. आपल्या काट्यात ४ ग्रॅम वर्ग हे ० ते ५० हर्ट्झ या पट्ट्यात सारखे पसरले आहेत, म्हणजे प्रत्येक हर्ट्झला ०.०८ ग्रॅम वर्ग. फिल्टरमधून गेल्यावर त्याला या गुणकाने गुणायचं:

`|H|² = (1-a)² / (1 - 2a·cos ω + a²)`

इथे `ω = 2πf/fs`. शून्य हर्ट्झला गुणक बरोबर १ येतो आणि ५० हर्ट्झला १/३६१. अर्धी पॉवर उरते ती साधारण १.७ हर्ट्झला. या वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं की पुन्हा तेच ०.२१ मिळतं, कारण व्हेरियन्स म्हणजे स्पेक्ट्रमखालचं एकूण क्षेत्रफळ.

शून्य हर्ट्झजवळचा गुणक १ आहे, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हळू बदलणाऱ्या नॉइजला हा फिल्टर हातसुद्धा लावत नाही. जलद थरथर जाते आणि मागे फक्त हळू डोलणारा भाग उरतो. फिल्टर केलेल्या दोन रीडिंगमध्ये `k` सॅम्पलचं अंतर असेल तर त्यांचं कोरिलेशन `a^k` असतं. १० सॅम्पलनंतरही ते ०.३५ उरतं. म्हणून ग्राहकाला आकडा थरथरताना दिसत नाही, सरकताना दिसतो, आणि ‘काटा ड्रिफ्ट होतोय’ अशी तक्रार येते. लोडसेलच्या तापमानावर संशय घेण्याआधी हे सरकणं अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचं आहे का आणि सेकंदाच्या आत मागे फिरतं का, ते पाहावं. तसं असेल तर तो हाच उरलेला नॉइज आहे. खरा ड्रिफ्ट इतक्या लवकर मागे फिरत नाही.

आता हे मोजून पडताळायचं. नवी मुलंमुली सर्वांत जास्त अडतात ती इथे. काट्यावर माप ठेवून ५ सेकंदांचं रेकॉर्डिंग घेतलं, ५०० सॅम्पल आले, व्हेरियन्स काढला तर ०.२१ ऐवजी ०.१६ आला. पुन्हा घेतलं तर ०.२५. मग सूत्रावरचा विश्वास उडतो. सूत्र ठीक आहे. ५०० सॅम्पल एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यामुळे व्हेरियन्सच्या अंदाजासाठी ते ५०० मोजता येत नाहीत. त्यांची खरी किंमत `N(1-a²)/(1+a²)` इतकी, म्हणजे जेमतेम ५२ स्वतंत्र सॅम्पलची. तेवढ्यावरून काढलेल्या व्हेरियन्समध्ये २० टक्क्यांची हालचाल अगदी स्वाभाविक आहे. ही हालचाल २ टक्क्यांवर आणायची तर शंभरपट लांब रेकॉर्डिंग लागतं, म्हणजे आठ मिनिटांपेक्षा जास्त. तेवढा वेळ माप काट्यावर ठेवून द्यावं.

सुरुवातीचे सॅम्पलही टाकून द्यायला हवेत. नॉइजचा स्वतःचा व्हेरियन्स २२ सॅम्पलमध्येच ९९ टक्क्यांपर्यंत पोचतो, पण फिल्टर शून्यापासून सुरू झाला असेल तर ५०० ग्रॅमची पायरी त्याहून खूप हळू मिटते. ४४ सॅम्पलनंतरही जवळपास ५ ग्रॅम बाकी असतात, आणि आपण मोजतो आहोत अर्धा ग्रॅम. मी पहिले १०० सॅम्पल बिनदिक्कत सोडतो. दुसरा उपाय म्हणजे पहिलं रीडिंगच `y` मध्ये भरून सुरुवात करायची. प्रत्यक्ष काट्यात तोच बरा.

काट्याला हात लावण्याआधी हे सगळं पायथॉनमध्ये एकदा चालवून पाहा:

```python
import numpy as np
from scipy.signal import lfilter, welch

rng = np.random.default_rng(1)
a, fs = 0.9, 100
x = 2.0 * rng.standard_normal(200_000)
y = lfilter([1 - a], [1, -a], x)[500:]
print(y.var() / x.var(), (1 - a) / (1 + a))

f, P = welch(y, fs=fs, nperseg=1024)
print(P.sum() * (f[1] - f[0]), y.var())
```

पहिल्या ओळीतले दोन आकडे एखाद-दोन टक्क्यांत जुळतात. दुसऱ्या ओळीत क्षेत्रफळ थोडं कमी भरतं, कारण `welch` प्रत्येक तुकड्याची सरासरी आपणहून वजा करतं आणि आपल्या स्पेक्ट्रमचा मोठा भाग नेमका शून्याजवळ आहे. त्याच कारणाने आलेखातला पहिला बिंदू खाली पडलेला दिसतो. तो फिल्टरचा गुण नाही. शून्याजवळची उंची ०.०८ ऐवजी ०.०४ दिसली तर तुम्ही धन आणि ऋण दोन्ही फ्रिक्वेन्सी धरणारा स्पेक्ट्रम काढला आहे. दोन पटींचा हा फरक ओळखीचा करून घ्या, तो वारंवार भेटतो. आणि `welch` ऐवजी सरळ एफएफटीचा वर्ग काढलात तर आलेख गवतासारखा टोकदार दिसेल. रेकॉर्डिंग कितीही लांबवलं तरी तो गुळगुळीत होत नाही. तुकडे करून सरासरी घ्यावीच लागते.

मधलं पद शून्य होणं मोडतं कुठे, हे एका प्रसंगातून सांगतो. एका पट्ठ्याने हिशेब मांडला: एका फिल्टरने १/१९ होतं, तर तोच फिल्टर दोनदा लावला की १/३६१, म्हणजे डिस्प्ले दगडासारखा. लावून पाहिलं तर आलं १/३८ च्या आसपास. दुसऱ्या फिल्टरला मिळणारा नॉइज व्हाइट राहिलेलाच नसतो. जलद भाग पहिल्याने आधीच काढलेला असतो आणि उरलेल्या हळू भागाला दुसऱ्याचाही गुणक जवळपास १ असतो. नेमका हिशेब केला तर दुसरा टप्पा व्हेरियन्सला `(1+a²)/(1+a)²` ने गुणतो, जे ०.९ ला ०.५०१ येतं. `a` एकच्या जितका जवळ न्याल तितकं ते अर्ध्याकडे जातं. एकाच टप्प्यात १/३८ हवं असेल तर `a` सुमारे ०.९४९ ठेवायचा. दोन टप्प्यांना लागणारा उशीर १८ सॅम्पलचा आणि या एकाचा १८.५ चा, म्हणजे जवळपास सारखाच. व्हाइट नॉइजचा व्हेरियन्स कमी करणं एवढाच हेतू असेल तर दुसरा टप्पा लिहू नये, असं माझं मत आहे. मेन्सच्या ५० हर्ट्झसारखा एखादा ठरावीक जलद आवाज दाबायचा असेल तर मात्र तो उपयोगी पडतो.

मोजलेलं गुणोत्तर लांब रेकॉर्डिंगनंतरही १/१९ पेक्षा बरंच मोठं राहिलं, तर फिल्टरच्या आधीचा `x` रेकॉर्ड करा आणि त्याचा स्पेक्ट्रम बघा. आमच्याकडे एका बोर्डावर शून्याजवळ एक सुळका दिसला. पॉवर सप्लायच्या रेक्टिफायरचा रिपल १०० हर्ट्झचा होता आणि सॅम्पलिंगही सेकंदाला १००. अशा वेळी तो रिपल दुमडून शून्याजवळ येतो. मेन्स ४९.९७ हर्ट्झला असेल तर रिपल ९९.९४ ला जातो आणि काट्याला ०.०६ हर्ट्झची संथ लाट दिसते, म्हणजे सतरा सेकंदांत एक फेरी. काट्यात चालेल इतपत `a` वाढवून अशा लाटेला फरक पडत नाही. वाढवलाच तर काटा मात्र मंद होतो. खरा इलाज एडीसीच्या आधी अॅनालॉग फिल्टर आणि स्वच्छ सप्लाय. त्या बोर्डावर ते लगेच जमणारं नव्हतं, म्हणून सॅम्पलिंग सेकंदाला ८० केलं. मग १०० हर्ट्झचा रिपल २० हर्ट्झला दुमडतो आणि तिथे आपल्याच फिल्टरचा गुणक १/१८१ आहे. सुळका शून्यावरून हलला आणि व्हेरियन्सचं गुणोत्तर १/१९ च्या जवळ आलं.