कोळंबीची ॲलर्जी : पहिल्या काही मिनिटांतल्या चुका

मालवणी हॉटेलात एका गिऱ्हाइकानं आधीच सांगितलंय की कोळंबी चालत नाही. त्याला सुरमई फ्राय दिली, पण ती ज्या तेलात तळली त्यातच आधी कोळंबी तळलेली होती. कोळंबीतलं ॲलर्जी आणणारं प्रथिन उष्णतेनं सहसा नष्ट होत नाही, त्यामुळे ‘तेल कडकडीत होतं’ याला अर्थ उरत नाही. दहा मिनिटांत त्याचे तळहात खाजू लागतात, पोटात कळ येते, उलटी होते आणि आवाज घोगरा होतो.

‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचं पाणी लावत बसणं ही इथे होणारी पहिली चूक. नुसत्या गांधी उठल्या असतील तर लक्ष ठेवता येतं. पण घसा आवळणं, आवाज बदलणं, सतत खोकला, छातीत घरघर, चक्कर किंवा शुद्ध हरपणं यांपैकी एकही गोष्ट दिसली तर ती तीव्र ॲलर्जीच समजा. काही रुग्णांच्या अंगावर गांधी उठतच नाहीत, म्हणून त्यांची वाट पाहू नका.

दुसरी चूक सेट्रिझिनच्या भरवशावर थांबण्याची. ती गोळी खाज कमी करते, तीही सावकाश. आवळलेला घसा आणि घसरणारा रक्तदाब तिच्यानं सावरत नाही. त्यासाठी ॲड्रेनलिनच लागतं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत टोचतात. आपल्याकडे ॲड्रेनलिन भरलेलं तयार पेन-इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून काही डॉक्टर अँप्यूल व सिरिंज देऊन मात्रा लिहून देतात आणि टोचायला शिकवतात. रुग्णाजवळ असं औषध असेल तर लगेच द्या. पाच मिनिटांत फरक पडला नाही आणि दुसरा डोस असेल, तर तोही द्या. औषधच जवळ नसेल तर शोधाशोध नको. औषध असो वा नसो, एकानं १०८ ला फोन करून ‘तीव्र ॲलर्जी, श्वासाला त्रास’ असं स्पष्ट सांगावं. दुसऱ्यानं रुग्णाजवळून हलू नये.

सगळ्यात घातक चूक मात्र साधी दिसते: ‘चला, तोंड धुऊन या’ म्हणत त्याला बेसिनपर्यंत चालवत नेणं. रक्तदाब घसरलेला माणूस अचानक उभा राहिला तर हृदयाकडे रक्त पोचत नाही आणि तो तिथेच कोसळू शकतो. त्याला टेबलाजवळच आडवं करा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. श्वासच थांबला तर छातीवर दाब द्यायला लागा. मुद्दाम उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका.

त्याच वेळी आचाऱ्याला विचारून तेल, मसाला, रस्सा यांत काय होतं ते कागदावर लिहा. खाल्ल्याची आणि इंजेक्शनची वेळही टाका, आणि तो कागद रुग्णवाहिकेबरोबर द्या. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यावंच लागतं, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.